ऑफिसातला निरोप: 'हाएरे रा' म्हणायचं की 'ए नोहो रा'?

शेवंती
मंडळी, ऑकलंडचं बिऱ्हाड आवरून आम्ही पुढच्या महिन्यात पुण्याला परत येतोय. शुक्रवारी ऑफिसात निरोपाचा चहा आहे आणि मला दोन-तीन मिनिटं बोलायचंय. टीममध्ये माओरी आहेत, सामोअन आहेत आणि कुक बेटांपैकी रारोटोंगाचे एक काका आहेत. ते त्याच आठवड्यात निवृत्त होऊन आपल्या बेटावर परत जाणार आहेत. त्यांच्या कार्डावरही मला दोन ओळी लिहायच्यात.

इंग्रजीत बोलून मोकळी होऊ शकते, पण इतकी वर्षं रोज 'किआ ओरा' ऐकलंय, तर शेवट त्यांच्या भाषेत करावा असं वाटतं. नेटवर शोधलं तर 'हाएरे रा' म्हणजे गुडबाय, 'ए नोहो रा' म्हणजेही गुडबाय. मग दोन कशाला?

दुसरी शंका जास्त अडते. सगळे सांगतात की हे शब्द नुसते नमस्कार नाहीत, आशीर्वाद आहेत. 'किआ ओराना' म्हणजे दीर्घायुषी व्हा. आपल्याकडे असं मोठ्यांनी लहानांना म्हणायचं असतं. मी पासष्टीच्या काकांना 'दीर्घायुषी भव' म्हणायचं? ते हसतील की रागावतील?

रानजाई
वा, वेळेवर धागा आला! आम्ही डिसेंबरात होनोलुलूला चाललोय. तिथे विमानतळावर फुलांचा हार घालतात तेव्हा उलट काय म्हणायचं? आणि हार लगेच काढला तर चालतो का? मला ॲलर्जी आहे.

कोकमसार
शेवंती, सगळ्याचं मूळ 'अलोहा'त आहे. 'अलो' म्हणजे समोर असणं आणि 'हा' म्हणजे श्वास. म्हणजे मी माझा श्वास तुला देतो. पॉलिनेशियात, म्हणजे पॅसिफिकमधल्या या सगळ्या बेटांवर, हाच विचार आहे, म्हणून ते नाकाला नाक लावतात. तू शेवटी 'अलोहा' म्हण, भेटीला आणि निरोपाला दोन्हीला चालतं. माझ्या साहेबांनी हवाईत एक शिबिर केलं होतं, तिथे हेच शिकवलं होतं.

दगडफूल
कोकमसार, ऑकलंडच्या माओरी लोकांपुढे हवाईयन 'अलोहा' म्हणणं म्हणजे पुण्यातल्या सभेत 'वणक्कम' म्हणून खाली बसणं. कोणी रागावणार नाही, पण का म्हटलं ते कळणार नाही.

श्वासाचं अर्धं बरोबर आहे. नाकाला नाक लावतात त्याला माओरीत होंगी म्हणतात, हवाईत होनी, आणि त्यात श्वासाची देवाणघेवाण आहे हे ते लोक स्वतःच सांगतात. पण 'अलोहा' हा शब्द 'अलो' अधिक 'हा' असा जोडून झालेला नाही. तोच शब्द माओरीत 'आरोहा' आहे, सामोअनमध्ये 'आलोफा', टोंगनमध्ये 'ओफा'. सगळीकडे अर्थ माया, कणव. सामोअनमधला 'फ' हवाईत नेमाने 'ह' होतो, म्हणजे तो 'हा' जुन्या 'फा'चा आहे, श्वासाचा नाही. शिबिरात सांगतात ती गोष्ट गोड आहे, पण नंतर लावलेली.

आता शेवंतीताई, तुमचा प्रश्न. माझी वेलिंग्टनात बरीच वर्षं गेली आणि संध्याकाळच्या वर्गात माओरी भाषा शिकलो, त्या आधारावर सांगतो.

दोन निरोप आहेत कारण माणसं दोन आहेत, एक जाणारं आणि एक राहणारं. 'हाएरे' म्हणजे जाणं, 'नोहो' म्हणजे बसणं, राहणं. जो राहतोय तो जाणाऱ्याला 'हाएरे रा' म्हणतो. जो जातोय तो राहणाऱ्यांना 'ए नोहो रा' म्हणतो. शुक्रवारी जाणाऱ्या तुम्ही, म्हणून तुमच्या तोंडी 'ए नोहो रा' आणि त्यांच्या तोंडी 'हाएरे रा'. तुम्ही 'हाएरे रा' म्हणालात तर सगळ्या ऑफिसला 'या आता' म्हटल्यासारखं होईल.

दाराशी सहज निघताना आणि फोनवर 'हेइ कोना रा' ऐकाल. तेही राहणाऱ्यालाच म्हणतात, आणि फोनवर दोघंही आपापल्या जागी राहतात म्हणून ते तिथे बरोब्बर बसतं. 'का किते आनो' म्हणजे पुन्हा भेटू, त्यात कोण जातंय याचा प्रश्नच नाही. ज्यांना घोळ टाळायचा असतो ते हेच म्हणतात.

प्रभाकर गो.
गंमत बघा. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोणी चुकून 'जातो' म्हणालं की आमची आई दारातून परत बोलवायची. आणि हे लोक सरळ 'जा' म्हणतात!

बाकी ही आशीर्वादाची भाषा मिशनऱ्यांनी घडवली असं माझं स्पष्ट मत आहे. ताहितीत ते 1797 साली पोचले, न्यूझीलंडात 1814 साली, हवाईत 1820 साली. बायबलाचं भाषांतर करताना 'गॉड ब्लेस यू'ला शब्द हवा होता, तो पाडला. त्याआधी बेटांवर माणसं एकमेकांना काय म्हणत होती कोण जाणे.

दगडफूल
काका, साल बरोबर, निष्कर्ष अर्धा.

'ओरा' हा शब्द मिशनऱ्यांनी पाडलेला असणं शक्य नाही. ताहितीत 'इआ ओरा ना', रारोटोंगात 'किआ ओराना', माओरीत 'किआ ओरा'. सामोअन आणि हवाईयनमध्ये तोच शब्द 'ओला' आहे. ही माणसं हजारो मैलांच्या समुद्रावर शेकडो वर्षं पांगली तेव्हाच शब्द बरोबर घेऊन गेली. अर्थ जगणं, जिवंत असणं, बरं असणं, संकटातून वाचणं. सगळं एकाच शब्दात.

राहिला 'किआ'. ते इच्छा दाखवतं. आपण 'होवो', 'लाभो', 'नांदो' म्हणतो ना, तो शेवटचा 'ओ' म्हणजे त्यांचा 'किआ'. 'किआ ओरा' म्हणजे 'बरं असो', 'जीव सुखरूप असो'. तोच 'किआ' 'किआ काहा'त आहे, म्हणजे खंबीर राहा. क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर 2011 साली ते सगळ्या देशाच्या तोंडी होतं.

मिशनऱ्यांनी काय केलं, तर तारणाला हाच शब्द उचलला. माओरी ख्रिस्ती भाषेत तारणहार म्हणजे 'ओरा' करणारा, 'काइव्हाकाओरा'. त्यामुळे आज चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला 'ओरा'त प्रार्थना ऐकू येते आणि दुसऱ्याला नुसती तब्येत. पण रोजच्या भेटीचा शब्द म्हणून तो कधी रूढ झाला, यावर वाद घालायला जागा आहे, तेवढं तुमचं मान्य.

रापा नुईची, म्हणजे ईस्टर बेटाची, गोष्ट वेगळी. तिथलं 'इओराना' ताहितीहून आलेलं आहे. 1862 पासून पेरूच्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी आणि पाठोपाठ आलेल्या देवीच्या साथीने ते बेट जवळजवळ रिकामं केलं. पुढे मिशनऱ्यांमुळे आणि ताहितीशी येण्याजाण्यामुळे ताहितीचे पुष्कळ शब्द भाषेत शिरले. आज तिथे भेटतानाही 'इओराना' आणि निघतानाही 'इओराना'. तेव्हा नमस्कार एका बेटावरून दुसऱ्यावर उसना जातो हे खरं, फक्त त्याला दर वेळी बायबलच लागतं असं नाही.

लंडनकर
आमच्याकडे ब्रिटनमध्ये 'किया-ओरा' नावाचं संत्र्याचं सरबत मिळायचं. सिनेमाच्या मध्यंतरात आम्ही ते प्यायचो. आज कळलं की मी दर शनिवारी आशीर्वाद पीत होतो. त्याचं मूळ सिडनीत आहे म्हणे.

(किआ मोटारीचा यात काही संबंध नाही, कोणीतरी विचारणारच होतं म्हणून आधीच सांगून टाकतो.)

मीठभाकर
मी दक्षिण ऑकलंडात वृद्धांच्या निवासात नर्स आहे. आमच्याकडे सामोअन आजी-आजोबा खूप. शेवंतीताईंची दुसरी शंका मलाही पहिल्या वर्षी होती, म्हणून लिहिते.

सामोअनमध्ये रोजचा शब्द वेगळा आणि मान देऊन बोलायचा वेगळा. जगण्याला साधा शब्द 'ओला'. तोच वडीलधाऱ्यांबद्दल बोलताना 'सोइफुआ' होतो. आणि निरोपाला म्हणतात 'तोफा सोइफुआ', किंवा नुसतं 'सोइफुआ'. म्हणजे निरोपाच्या शब्दातच मानाचा शब्द घातलेला आहे. तो लहानाने मोठ्याला म्हणायलाच बनलाय म्हणा ना. मी नव्वदीच्या आजीला रात्रपाळी संपताना 'तोफा सोइफुआ' म्हणते आणि ती मला तेच उलट म्हणते. कोण मोठं, कोण लहान हा प्रश्नच येत नाही.

मुलं मात्र गेटातून निघताना नुसतं 'फा!' ओरडतात. 'तोफा'चं शेपूट. ते आजीला म्हणू नका.

आणखी एक. भाषणाच्या शेवटी सामोअन माणसं 'सोइफुआ मा इआ मानुइआ' म्हणतात. 'मानुइआ' म्हणजे कल्याण, भरभराट. तुमच्या सामोअन सहकाऱ्यांकडे बघून एवढी एक ओळ म्हटलीत तरी पुरे.

शेवंती
मीठभाकर, हे फारच कामाचं. पण माओरीतही वयाचा प्रश्न नाही का? आमच्या विभागातल्या माओरी आजी सगळ्या कार्यक्रमांना काराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हणतात. त्यांना मी 'किआ ओरा' म्हणते ते 'हाय' म्हणून. आता अर्थ कळल्यावर जीभ अडायला लागली.

दगडफूल
अडू देऊ नका. आपल्या आशीर्वादात वरून खाली हात येतो. डोक्यावर हात, पायाशी वाकलेलं माणूस, आणि देणाऱ्याकडे वयाचं किंवा पुण्याचं काहीतरी जास्त असतं असं धरलेलं. म्हणून मोठ्या माणसाच्या वाढदिवसाला आपण 'दीर्घायुषी भव' म्हणत नाही. 'आपणांस उदंड आयुष्य लाभो ही ईश्वरचरणी प्रार्थना' असा वळसा घेतो. देणारा देव, आपण फक्त अर्ज करणारे.

'किआ ओरा' त्या वळशाच्या जवळचं आहे. 'मी तुला देतो' असं त्यात कुठेच नाही. कोण देणार हेही नाही. नुसतं 'बरं असो'. म्हणून नातू आजीला म्हणतो, आजी पंतप्रधानांना म्हणते, आणि सभेत कोणी चांगलं बोललं की मागून लोक 'किआ ओरा!' म्हणतात, तेव्हा अर्थ 'बरोबर बोललात' असा होतो. आभारालाही चालतं.

मान दाखवायचा तर माओरीत तो 'तेना कोए'ने दाखवतात. 'किआ ओरा'पेक्षा ते औपचारिक. त्यात आशीर्वाद अजिबात नाही, शब्दशः 'ते तुम्ही तिथे' इतकंच. समोरचा माणूस दिसला, त्याची दखल घेतली. आणि इथे माणसं मोजावी लागतात. एकाला 'तेना कोए', दोघांना 'तेना कोरुआ', तिघांपासून पुढे 'तेना कोउतोउ'. संस्कृतातलं द्विवचन मराठीने टाकून दिलं, त्यांनी ठेवलंय. दोघीच समोर असताना 'कोउतोउ' म्हटलंत तर तिसरं कोण म्हणून त्या मागे वळून बघतील.

कोकमसार
अलोहाचं मी सांगितलं ते शिबिरात छापील दिलं होतं. असो. पण श्वास कुठेतरी आहेच ना? नुसता नाकात कसा असेल, शब्दातही असणारच.

दगडफूल
आहे, पण तुम्ही शोधताय त्याच्या शेजारी. शिंकेत.

माओरी वक्ता मराएवर, म्हणजे त्यांच्या सभास्थानी, उभा राहिला की बहुतेक वेळा सुरुवात 'तिहेइ माउरी ओरा!' अशी करतो. 'तिहे' म्हणजे शिंक. कथा अशी की ताने या देवाने कुरावाका नावाच्या जागेच्या लाल मातीतून पहिली स्त्री घडवली, हिनेआहुओने. तिच्या नाकात श्वास फुंकला आणि ती शिंकली. तीच जिवंत झाल्याची खूण. 'माउरी' म्हणजे जीवशक्ती, 'ओरा' तर आता ओळखीचा झालाच. होंगीतला श्वास याच कथेशी जोडतात.

आता हवाईकडे या. तिथे कोणी शिंकलं की म्हणायचा जुना बोल आहे 'किहे, आ माउली ओला'. शिंक, आणि आयुष्य लाभो. (वारकऱ्यांनी दचकू नये, 'माउली' हा निव्वळ योगायोग.) दोन्ही शेजारी ठेवून बघा. माओरीचा 'त' हवाईत 'क' होतो, 'र'चा 'ल' होतो. तिहे, किहे. माउरी ओरा, माउली ओला. एकीकडे सभेची गर्जना, दुसरीकडे शिंकेवरचं बोलणं, पण शब्द तेच. न्यूझीलंड आणि हवाईमध्ये सात हजार किलोमीटर समुद्र आहे आणि मिशनरी दोन्हीकडे वेगवेगळे होते. प्रभाकरकाका, हे तुमच्यासाठी.

म्हणजे हवाईतही तो आशीर्वाद आहे, फक्त नमस्काराच्या जागी 'अलोहा' बसलं आणि 'ओला' शिंकेत आणि प्रार्थनेत राहिलं.

प्रभाकर गो.
शिंकेवर आमची आई 'शतंजीव' म्हणायची. दोनदा शिंकलं तर दोनदा. हे मात्र मी मिशनऱ्यांच्या खात्यावर टाकू शकत नाही.

तरी एक शंका राहतेच. शब्द जुना, कबूल. पण दुकानात, फोनवर, विमानात जाता-येता म्हणायची सवय जुनी कशावरून?

दगडफूल
ती सवय नवीनच आहे, आणि तिची एक बाई साक्षीदार आहे. 1984 साली ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नाइडा ग्लॅव्हिश ऑपरेटर होत्या, न्गाती व्हातुआ जमातीच्या. त्या फोन उचलला की 'किआ ओरा' म्हणत. तक्रार आली, वरिष्ठांनी सांगितलं की इंग्रजीतच नमस्कार करायचा. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून त्यांना त्या कामावरून हलवलं. मग देशभर गदारोळ. लोक एक्स्चेंजला फोन करून 'किआ ओरावाल्या बाईंना द्या' म्हणू लागले, वैमानिक प्रवाशांचं स्वागत त्या शब्दाने करू लागले. शेवटी बाईंना बढती मिळाली, आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजमध्ये. तिथून त्या सगळ्या जगाला 'किआ ओरा' म्हणत बसल्या. तीन वर्षांनी, 1987 साली, माओरी ही न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली. हा एका फोनचा प्रताप नव्हे. 1972 साली तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला होता, तेव्हापासून हे चाललं होतं.

मीठभाकर
या सगळ्यात एक सावधगिरीची सूचना. आमच्या जुन्या कामाच्या जागी एका नव्या मुलीने सुट्टीवर निघालेल्या माओरी सहकाऱ्याच्या कार्डावर 'मोए माइ रा' लिहिलं होतं. 'मोए' म्हणजे झोप, तिला वाटलं 'आराम कर' होईल. कार्ड वाचून तो माणूस आधी गप्प झाला आणि मग इतका हसला की खुर्ची धरावी लागली. ते मेलेल्या माणसाला म्हणतात.

दगडफूल
हो, हे सगळ्यात मोठं खोचक वळण आहे. 'हाएरे रा' जिवंत माणसाला बिनधास्त म्हणा. पण 'हाएरे, हाएरे, हाएरे' असं तीनदा, लांबवून म्हटलं की ते प्रेताशी बोलणं होतं. 'मोए माइ रा', 'ओकिओकी' हे शब्द दिसले की समजावं निरोप मृताचा आहे. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीतून ओळी उचलून कार्डावर टाकणारे इथेच फसतात, कारण त्या ओळी सुंदर असतात.

औपचारिक भाषणात मृतांना आधी आठवतात, त्यांना निरोप देतात, मग 'मृत मृतांकडे, जिवंत जिवंतांकडे' अशा अर्थाचं वाक्य म्हणून समोरच्यांकडे वळतात. शेवंतीताई, त्या भागात तुम्ही शिरू नका. तो आजींचा.

निवडुंग
मला हे सगळं थोडं खटकतं. परक्या माणसाने दोन ओळी पाठ करून म्हणायच्या आणि टाळ्या घ्यायच्या. ज्यांच्या आजोबांना शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल मार बसला, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल? माझी एक माओरी मैत्रीण म्हणते, ईमेलच्या वर 'किआ ओरा', खाली शुभेच्छांचं 'ङा मिही' आणि मधल्या मजकुरात माझं नाव चुकलेलं.

मीठभाकर
निवडुंग, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, पण आमच्या आजींचंही बरोबर आहे. त्यांना म्हटलेलं आवडतं. चुकलं की सुधारून देतात आणि पुन्हा म्हणून घेतात. नाव नीट म्हणावं हे मात्र आधी.

निवडुंग
आवडत नाही असं मी म्हणत नाही. 'आवडतं' हे आपणच ठरवून मोकळे होतो, एवढंच.

शेवंती
निवडुंग, मी काराकिया म्हणणाऱ्या आजींना आज सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, म्हण, पण घाई करू नकोस, आणि 'ट' म्हणू नकोस. 'टेना कोटो' ऐकून त्यांचे कान किटलेत म्हणे.

दगडफूल
मग आपण मराठी माणसं फायद्यात. त्यांचा 'त' आपल्या 'त'सारखाच म्हणा, 'र' जिभेच्या टोकाने एकदाच. आणि 'ङा मिही'मधला 'ङ', जो इंग्रजी लोकांना शब्दाच्या सुरुवातीला जमता जमत नाही, तो आपण मुळाक्षरांत घोकलेला आहे. वाङ्मयाखेरीज त्याचा कुठे उपयोग झाला नव्हता, आता झाला. लांब स्वर मात्र लांबच ठेवा. लिहिताना त्यावर आडवी रेघ येते, ती कार्डावर विसरू नका.

भाषण असं करा. उभं राहिल्यावर 'तेना कोउतोउ कातोआ', म्हणजे तुम्हा सगळ्यांना. मग इंग्रजीत जे सांगायचं ते. शेवटी सामोअन मंडळींकडे बघून 'सोइफुआ मा इआ मानुइआ'. मग सगळ्यांना 'नो रेइरा, ए नोहो रा, नोहो ओरा माइ'. 'नो रेइरा' म्हणजे तेव्हा आता. 'नोहो ओरा माइ' म्हणजे सुखरूप राहा, पत्राच्या शेवटीही लिहितात. तुमचा आशीर्वाद तिथे आहे. पारंपरिक शेवट 'नो रेइरा, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ कातोआ' असा तीनदा असतो. आवाज टिकत असेल तर तो करा, नाहीतर वरचं पुरे.

एक विचारून घ्या: आधी कोण बोलणार? मराएवर निरोपाच्या वेळी, ज्याला पोरोपोरोआकी म्हणतात, सहसा जाणारे आधी बोलतात आणि यजमान नंतर. ऑफिसात साहेब आधी बोलतात आणि तुमच्या हाती केक येतो. आजी असतील तर क्रम त्यांनाच ठरवू द्या.

शेवंती
लिहून घेतलं. आता काकांचं कार्ड. मी जातेय आणि तेही जातायत. राहणारं कोणी नाही. 'आएरे रा' की 'ए नोओ रा'?

दगडफूल
रारोटोंगाच्या भाषेतही तीच जोडी आहे, 'आएरे रा' जाणाऱ्याला आणि 'ए नोओ रा' राहणाऱ्याला. दोघंही निघालेत तेव्हा माझा कल 'आएरे रा'कडे, कारण ते कार्ड वाचतील तेव्हा निघालेले ते असतील.

मीठभाकर
मला उलट वाटतं. ते घरी पोचणार, कायमचे तिथे राहणार. परदेशी जाणाऱ्या तुम्ही. 'ए नोओ रा' शोभेल. की त्यांच्यासाठी रारोटोंगा घर आणि ऑकलंड परदेश, म्हणून...? गुंताच आहे.

प्रभाकर गो.
दोन्ही टाळा. 'येतो' म्हणा.

दगडफूल
काका, त्यांच्या भाषेत ते 'मी तुमच्या बेटावर येतोय' होईल आणि ते खोली झाडून ठेवतील.

शेवंतीताई, 'किआ मानुइआ' लिहा. कुक बेटांवर पत्राच्या शेवटी आणि निरोपाला चालतं, कोण जातंय हे त्यात येत नाही, आणि मीठभाकरच्या सामोअन 'मानुइआ'चंच भावंड आहे. वर 'किआ ओराना', खाली 'किआ मानुइआ'. आयुष्य आणि कल्याण. वयाने लहान आहात म्हणून कोणी हसणार नाही.

रानजाई
माझ्या हाराचं राहिलंच!

कोकमसार
रानजाई, स्वागत केलं की 'अलोहा' म्हणा आणि 'महालो' म्हणजे धन्यवाद. हार देणाऱ्यासमोर लगेच काढणं बरं दिसत नाही. ॲलर्जी आहे हे घालायच्या आधीच सांगा, ते हातात देतात. परतताना 'आ हुइ होउ', पुन्हा भेटेपर्यंत. हे तरी बरोबर आहे ना, दगडफूल?

दगडफूल
शंभर टक्के.